शिवराक खात्यावरच्या जाहिराती

आमच्या घरात शिवराक आणि नुस्त्याचं यांची गाठ पडू देत नाहीत. नुस्तं म्हणजे मासळी, आणि शिवराक म्हणजे ज्यात मासळी-मटण नाही ते. त्याची भांडी वेगळ्या फळीवर, त्याची कालथी वेगळी, त्याचा विळासुद्धा वेगळा. सोमवारी नुस्त्याच्या टोपाला चुकून हात लागला तर माझ्या सासूबाई तो हात धुऊन यायला लावतात. त्यांना आम्ही सगळे मांय म्हणतो. लग्न होऊन डिचोलीच्या या घरात आले तेव्हा मला याचा राग यायचा. आता माझाच हात आपोआप नळाकडे जातो.

तर हा नियम आमच्या टीव्हीलाही लागू झाला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

झालं असं, की टीव्हीवर व्हिडिओ बघायचं ते अ‍ॅप मी माझ्या खात्याने चालवायचे. शाळेतून घरी आले की मी स्वयंपाकाचे व्हिडिओ बघते. मी लाटंबार्सेच्या शाळेत मास्तरीण आहे, दिवसभर पोरांशी ओरडून घसा बसला की दुसरं कोणी तरी हुमण, म्हणजे माशाचं कालवण, करताना नुसतं बघत बसायला बरं वाटतं. पण संध्याकाळी मांयसाठी अभंग लावायला गेलं, की पडद्यावर विठ्ठलाच्या शेजारी बांगड्याचं हुमण, खाली सुंगटं म्हणजे कोलंबी, आणि त्याच्या खाली पुन्हा विठ्ठल. मांयने एकदाच पाहिलं. ‘देवाक आनी नुस्त्याक एकाच पाटार बसयतां?’ म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग माझी लेक फोंड्याहून आली तेव्हा तिने तोडगा काढला. टीव्हीवर दुसरं खातं उघडलं, त्याला नाव दिलं ‘शिवराक’ आणि चित्र लावलं तुळशीचं. माझ्या खात्याचं नावही बदलून ‘नुस्त्याचं’ केलं, चावटपणे. मांय खूश. तेव्हापासून देव शिवराक खात्यावर, बाकी संसार नुस्त्याच्या खात्यावर. आम्हाला वाटलं, एका घरात दोन फळ्या असतात तसंच हे. घर एकच, नाही का?

तेव्हा माझे सासरे, मामंजी, हयात होते. त्यांचाच फोन नंबर घालून तिने ते शिवराक खातं उघडलं होतं. ‘देवाचं खातं माझ्या नावावर,’ म्हणून ते सगळ्यांना सांगत फिरायचे.

मामंजी भजनी होते. देवळातल्या सप्ताहात त्यांचा एक अभंग ठरलेला असायचा, पहाटेचा. आणि त्या अभंगावरून या नवरा-बायकोचं आयुष्यभराचं भांडण होतं. मांय सांगायच्या, की एका वर्षी गाता गाता ते मध्येच अडले. शब्द आठवेना. मृदंग थांबला, सगळा सभामंडप गप्प. तेव्हा बायकांच्या बाजूने त्यांनी, मांयने, तो शब्द सांगितला, आणि लाजून तशाच उठून बाहेर आल्या. ‘हांवें उतर दिलें,’ हे त्यांचं वाक्य. उतर म्हणजे शब्द. मामंजी कधीही कबूल झाले नाहीत. ‘मी दम घेत होतो. मला कोण सांगणार? बायकांतून आवाज येतो कधी?’ असं म्हणून पान जुळवत बसायचे. जन्मभर साधा चहाचा पेला हातात दिला तरी ‘बरं’ म्हणणारा माणूस नव्हता तो. मायाळू होता, पण तोंडाला कुलूप.

ते गेले. आणि काही महिन्यांनी वाड्यावरच्या एका मुलाने, जो आता वास्कोला बंदरात कामाला आहे, जुन्या मेमरी कार्डात सापडलेलं त्याच पहाटेचं रेकॉर्डिंग त्या अ‍ॅपवर चढवलं. श्रद्धांजली म्हणून. मांयला कळलं तेव्हा म्हणाल्या, ‘बाय, थंय तें आसतलें. हांवें उतर दिल्लें. आयकूंया.’ तिथे ते असणार, मी दिलेला शब्द. तेवढंच त्यांना हवं होतं. आपण खोटं बोलत नव्हतो, एवढं त्यांना ऐकायचं होतं.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो, मांय, मी आणि माझा नवरा. शिवराक खातं उघडलं. रेकॉर्डिंग लांबून केलेलं, आवाज बारीक, आणि मांय कानात मशीन घालतात, म्हणून टीव्हीचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. मामंजींचा आवाज घरात आला. नवरा जनेलातून बाहेर तोंड करून बसला, डोळे दिसू नयेत म्हणून. अभंग चढत गेला, चढत गेला, मामंजी थांबले, मृदंग थांबला, आणि—

‘गोव्यात तुमच्या स्वप्नातलं घर! निसर्गाच्या कुशीत, विमानतळापासून अगदी जवळ!’

अशी किंकाळी, की मांयनी कानातलं मशीन ओढून काढलं आणि मांडीवर टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिमोट सापडेना, नवरा ‘बंद कर गो, बंद कर’ म्हणून ओरडतोय, मी त्याच्यावर ओरडतेय, आणि पडद्यावर पेडण्यातला डोंगर, त्याच्यावर पांढरे बंगले, आणि बंगल्याच्या बाल्कांवात हसणारी बाई. एक संपली तर तिच्या पाठोपाठ दुसरी, चिकन मसाल्याची. सोमवार होता! शिवराक खात्यावर, सोमवारी, मामंजींच्या अभंगात, चिकन मसाला! मांयच्या कानात मशीन परत जाईपर्यंत अभंग पुढे गेला होता. ‘आयलें?’ त्यांनी विचारलं. आलं का? मी काय सांगणार! आमच्या बोंबाबोंबीत मलाही काही ऐकू आलं नव्हतं. मागे नेऊन लावलं, तर नव्या दोन जाहिराती.

नंतर तर मी रिमोट हातात धरूनच बसायला लागले. जाहिरात आली की आवाज बंद. मग तो परत चालू करेस्तोवर अभंग पुढे. दर वेळी जाहिरात त्याच जागी यायची, अगदी त्याच. मला वाटलं, त्या वास्कोच्या मुलानेच मुद्दाम ती तिथे घातली. फोन लावून झाडला त्याला. म्हटलं, ‘आमच्या मामंजींना विकायला काढलंस का रे?’ बिचारा रडकुंडीला आला. ‘काकी, माझं चॅनल केवढंसं! मला एक पैसा मिळत नाही. जाहिराती ते लोक स्वतःच घालतात, मशीनच जागा शोधतं. जिथे आवाज थांबलाय तिथे.’ म्हटलं, मग मूळ रेकॉर्डिंग दे. तर ते कार्डच बिघडून गेलेलं.

जिथे आवाज थांबलाय तिथे! ऐकलंत? माणूस दम घेण्यापुरता थांबला, तर त्याच्या तोंडासमोर येऊन प्लॉट विकायचे. मेल्यांना लाज नाही. आमच्या देवळात कीर्तनकार पाणी प्यायला थांबला म्हणून कोणी उठून मसाला विकायला लागला असता, तर त्याला वाड्यावरच्या पोरांनी तळीपर्यंत धरून नेलं असतं. इथे धरायचं कोणाला?

मग मी ठरवलं, पैसे भरायचे. ‘जाहिरातमुक्त’ अशी वर्गणी होती, दोन प्रकारची, एक छोटी आणि एक मोठी. मी छोटी घेतली. दोन्हींवर जाहिरातमुक्त असंच लिहिलेलं, मग जास्त कशाला द्या? दुसऱ्या दिवशी फोनवर माशांचे व्हिडिओ लावले, जाहिरात नाही. कोलंबी सोलतेय बाई, सोलतेय, मध्ये कोणी बोलत नाही. वा! म्हटलं, सुटलो. आणि मग सहज फोनवर एक भजन लावलं. जाहिरात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कंपनीचं मदतीचं चॅट असतं, त्यावर मी सगळा राग लिहून काढला. पलीकडून उत्तर आलं, गोड गोड: आपली वर्गणी चालू आहे, मात्र आपण घेतलेल्या प्रकारात संगीताच्या व्हिडिओंवर जाहिराती दिसू शकतात. मी लिहिलं, ‘अभंग हे संगीत नाही. ती भक्ती आहे.’ उत्तर: ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो. अभंग संगीत या प्रकारात मोडतो.’ बघा! कोलंबीला जाहिरातीपासून मुक्ती आणि विठ्ठलाला नाही. ते बारीक अक्षरातलं वाक्य मग मला दिसलं, खरंच लिहिलेलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. पहिलीतल्या पोराने अर्धं वाक्य मोठं आणि अर्धं असं बारीक लिहिलं असतं, तर मी वही त्याच्या अंगावर परत टाकली असती.

दात-ओठ खात मोठी वर्गणी घेतली. शाळेत मधल्या सुट्टीत फोनवर भलताच अभंग लावून पाहिला. मामंजींचा मुद्दाम लावला नाही, तो मांयच्या शेजारी बसूनच ऐकायचा होता. अख्खा अभंग वाजला, जाहिरात नाही. सुट्टीची घंटा झाली तरी मी ऐकत बसले होते.

मामंजींचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मांयनी सांगून टाकलं, श्राद्धाची जेवणं झाली की सगळ्यांसमोर तो अभंग लावायचा. सावंतवाडीहून नणंद येणार, फोंड्याहून माझी लेक. ‘सगळ्यांक आयकूं दी,’ म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू दे. एवढी वर्षं सगळे हसले होते ना त्यांना! मी म्हटलं, ‘मांय, तुम्ही निर्धास्त राहा. आता एक जाहिरात येणार नाही.’ आणि आदल्या दिवशी खात्री करायला म्हणून टीव्ही लावला, शिवराक खातं उघडलं, दुसरं एक भजन लावलं.

‘गोव्यात तुमच्या स्वप्नातलं घर!’

मी रिमोट कोचावर असा आपटला की त्याच्या बॅटऱ्या बाहेर पडल्या. पैसे भरले, पुन्हा वाढवून भरले, आणि ही बया अजून बाल्कांवात हसतेच आहे! नवरा म्हणाला, ‘हळू.’ म्हटलं, हळू कशाला? फुकट बघत होते तेव्हा ऐकून घेतलं. आता कशाला ऐकून घेऊ?

चॅटवर पुन्हा तेच ‘आपली वर्गणी चालू आहे.’ मी म्हटलं, ‘कुठे चालू आहे? माझ्या टीव्हीवर नाही.’ तेव्हा पलीकडच्याने पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला: ‘टीव्हीवर आपण कोणत्या खात्याने आहात?’

मी लगेच लेकीला फोन लावला. ती म्हणाली, ‘आई! वर्गणी तू नुस्त्याच्या खात्यावर घेतलीस. शिवराक हे वेगळं खातं आहे. एका खात्यातली दोन नावं नाहीत ती, दोन वेगळी माणसं आहेत त्या कंपनीच्या दृष्टीने.’ म्हणजे घर एक, टीव्ही एक, पण पैसे भरले नुस्त्याने आणि देव फुकट्याच राहिला! मी डोक्याला हात लावला. जगात दुसऱ्या कुठल्या घरी ही चूक झाली असेल का?

लेक म्हणाली, कुटुंबाची मिळून एक वर्गणी असते, तिच्यात शिवराक खातं घालता येईल. मी घेतली असती तीही. पण त्यासाठी त्या खात्यात शिरून होकार द्यायला हवा, पासवर्ड कोणाला आठवत नव्हता, आणि नवा घ्यायचा तर कोड फोनवर येणार. कुठल्या फोनवर? मामंजींच्या. तो नंबर त्यांच्यानंतर आम्ही बंद केला होता. पडद्यावर लिहून आलं, ‘तुमच्या नंबरावर कोड पाठवला आहे.’ खाली त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे. मी ते आकडे बघत बसले. कुठे पाठवलास रे बाबा कोड?

श्राद्ध उद्यावर, नवं खातं काढत बसायला वेळ नव्हता. उरला एकच मार्ग. अभंग नुस्त्याच्या खात्यावर लावायचा. टीव्हीवर खातं बदललं, आणि त्यावरही जाहिरात! आता मला रडूच फुटायचं बाकी होतं. पण चॅटवाल्याने हेही सांगितलं: टीव्हीवरचं ते लॉगिन जुनं आहे, वर्गणी घेण्याच्या आधीचं, टीव्हीला अजून नवी वर्गणी कळलेलीच नाही. तिथून बाहेर पडा आणि नव्याने आत या. पडले बाहेर. टीव्हीवर कोड आला, तो फोनवर घातला, पुन्हा आत आले. भजन लावलं. गप्प. दुसरं लावलं. गप्प. एवढंच होतं तर हे पहिल्या दिवशी सांगायला काय यांच्या जिभेला काटे टोचत होते?

पण मांयला कोण सांगणार? श्राद्धाचा दिवस, घरात शिवराक स्वयंपाक, आणि मामंजी नुस्त्याच्या खात्यावर. न सांगता लावलं असतं तरी मांयला कळलं नसतं, नवरा म्हणालाही तसं. माझं मन घेईना. त्यांच्या सांगण्यावरून मी इतकी वर्षं हात धुऊन आले होते, आणि आता त्यांना फसवू?

रात्रीची जेवणं उरकल्यावर जाऊन सगळं सांगितलं. दोन खाती, मामंजींचा बंद नंबर, सगळं.  मला वाटलं, मांय आता म्हणणार, राहू दे. त्या म्हणाल्या, ‘ते कितें नुस्तें खायनासले? लाय तूं.’ ते काय मासळी खात नव्हते? लाव तू. आणि हसल्या. ते गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं, पानं उठली. सगळे हॉलमध्ये जमले. नणंद मांयला चिडवत होती, ‘चला, आज तुझा शब्द ऐकूया हां.’ मी ‘नुस्त्याचं’ उघडलं, अभंग लावला, आवाज पूर्ण वर. अंगठा मात्र सवयीने आवाज बंद करायच्या बटणावर.

अभंग चढत गेला. मामंजी थांबले. मृदंग थांबला.

कोणी किंचाळलं नाही. फक्त शांतता, त्या पहाटेची, समईशेजारी कोणी तरी खोकल्याची. आणि मग लांबून, अगदी बारीक, पण स्वच्छ, एका बाईचा आवाज. एकच शब्द. मांयचा. नणंदेच्या हातातली सुपारी खाली पडली.

पण ते तिथेच संपलं नाही. त्या शब्दानंतर, गाणं पुन्हा उचलण्याआधी, मामंजींचा आवाज आला. गाण्यातला नव्हे, बोलण्यातला, माइकच्या अगदी जवळून, सभामंडपभर गेला असेल असा.

‘देव बरें करूं.’

आमच्याकडे आभार मानायचे तर हेच म्हणतात. देव तुझं बरं करो. आणि मग त्यांनी मांयचा शब्द घेऊन अभंग उचलला.

म्हणजे हे होतं तिथे! त्या प्लॉटवालीने, त्या चिकन मसाल्याने, आमच्या मामंजींच्या याच दोन श्वासांवर पाय दिला होता, इतके महिने. त्यांना शांतता दिसली आणि त्यांनी ती विकली. आणि आम्ही ती परत विकत घ्यायची, बारीक अक्षरं वाचून, बरोबर खात्यातून, नव्याने आत येऊन!  आजही लिहिताना चीड येते.

मांयकडे बघायची कोणाची छाती होईना. शेवटी नवऱ्याने हळूच विचारलं, ‘मांय, आयकलें?’

‘आयकलें मरे!’ मांय कडाडल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज मात्र भांडणातला. ‘सगळ्या गांवा मुखार म्हणलें! आनी घरांत एकदांय म्हणूंक ना!’ सगळ्या गावासमोर म्हटलं, आणि घरात एकदाही म्हटलं नाही! आणि भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडे वळून, पदराने नाक पुसत, त्यांनी आयुष्यभराचं ते भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.